दोन टिंबांचा ओ

सिस्टर पहिल्यांदा वर्गात आली तेव्हा हॉस्पिटलची ड्यूटी संपवून थेट आली होती. पांढरे बूट, हातात डबा आणि डोळ्यांवर झोप. वय पस्तिशीचं. परदेशातल्या एका हॉस्पिटलनं तिला घ्यायचं ठरवलं होतं, पण आधी जर्मन शिकून ये म्हणून सांगितलं होतं.

"बाई, व्याकरण मी पाठ करीन," ती म्हणाली, "पण त्या टिंबवाल्या अक्षरांनी माझ्या नाकी नऊ आणलेत."

बाई हसल्या. साठी उलटली होती त्यांची. रेडिओच्या दुकानावरच्या दोन खोल्यांमध्ये अर्धं आयुष्य त्यांनी हीच तक्रार ऐकली होती. जर्मनमध्ये ओ आहे, तसाच डोक्यावर दोन टिंबं असलेला आणखी एक ओ आहे. हा दुसरा ओ मराठीत नाहीच. म्हणून आपला कान त्याला कधी साध्या ओच्या घरात ढकलतो, कधी एच्या. तिसरं घर त्याला ठाऊकच नसतं.

"तोंडाचं नंतर बघू," बाई म्हणाल्या. "आधी कान."

त्यांनी टेबलावर दोन चित्रं ठेवली. एकात पुस्तक वाचणारा माणूस, दुसऱ्यात गाठ सोडणारे हात. वाचणं म्हणजे 'लेझन', आणि सोडवणं म्हणजे तोच शब्द, फक्त एच्या जागी टिंबवाला ओ. बाकी सगळं सारखं. बाईंनी तोंडासमोर पुठ्ठा धरला, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि एकेक शब्द म्हणू लागल्या. सिस्टरनं बोट ठेवायचं, बाईंनी लगेच 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचं. समजावणं नाही, की रागावणं नाही. पहिल्या दिवशी सिस्टरचं बोट हवेतच घुटमळत राहिलं.

"मला दोन्ही एकच ऐकू येतंय हो."

"येणारच. उद्या ये."

ती येत राहिली. हळूहळू बोट अचूक पडू लागलं. मग बाईंनी तिच्या हातात आरसा दिला.

"'ए' म्हण आणि धरून ठेव. जीभ आहे तिथंच. आता फक्त ओठ ओ म्हणतो तसे गोल कर."

सिस्टरनं ओठ गोल केले की जीभही मागे पळायची आणि ओ यायचा. आरशात स्वतःचं तोंड बघून तिला हसू फुटायचं. "वॉर्डात पेशंटला असं तोंड करून दाखवलं, तर तो बरा व्हायच्या आधीच पळून जाईल!" पण एक दिवस जीभ जागेवर राहिली, आवाज आला, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

म्हणूनच पुढचं झालं ते मनाला लागलं.

तिकडच्या हेड नर्सनं संगणकावरून ओळखीची मुलाखत ठेवली. सिस्टरसमोर पट्टी बांधलेला रबरी हात आणि शेजारी सूचनांचा कागद. सुरुवात छान झाली. मग हेड नर्स म्हणाली, आता सोडा. सिस्टरला ऐकू आलं, आता वाचा; तिनं कागद उचलला आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. हेड नर्सनं तिला सगळं वाचू दिलं, मग स्वतःच्या मनगटावरची पट्टी सोडल्यासारखं करून दाखवलं. सौम्यपणे म्हणाली, काही आठवड्यांनी पुन्हा बोलू.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं वर्गात येऊन डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "लाज वाटली हो. तुमच्याकडे तर माझं सगळं बरोबर यायचं."

बाईंना काहीतरी खटकलं. त्यांनी पुठ्ठा उचलला, पण या वेळी आवाज मुद्दाम सपाट ठेवला, शब्द भराभर टाकले. सिस्टरचं बोट पुन्हा घुटमळायला लागलं.

"काय ऐकून ओळखत होतीस तू?"

"तुम्ही टिंबवाला म्हणताना आवाज जरा लांबवता. मी तेच धरून बसले होते."

बाईंनी कपाळाला हात लावला. पोरीनं आवाज ओळखलाच नव्हता, बाईंची सवय ओळखली होती! एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं की असंच होतं. आवाज बदलतात, माणसं बदलतात, आणि त्या सगळ्यांत जे बदलत नाही ते कानाला सापडायला हवं. हे त्यांना माहीत होतं. एके काळी त्यासाठीच कॅसेटी होत्या. यजमान गेल्यावर त्यांनी त्या कधी वाजवल्या नव्हत्या, इतकंच.

कॅसेटी यजमानांनी केल्या होत्या. ते कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते आणि तिथं जर्मन इंजिनिअर कुटुंबासह येऊन राहत. "माझ्या एकटीच्या आवाजानं भागत नाही," असं बाई एकदा बोलून गेल्या, आणि हे गृहस्थ रविवारी टेपरेकॉर्डर काखोटीला मारून गेस्टहाउसवर हजर. कुणाला नाही म्हणायची सोयच नव्हती. स्वतःला जर्मन ओ की ठो येत नव्हतं, पण घरी येऊन "आज दम्यावाली आजी मिळाली!" असं सांगताना चेहरा असा, जणू मोठा मासा गळाला लागलाय.

बाईंनी खालच्या दुकानातून टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलून आणला आणि कळ दाबली. खरखर झाली. मग एका इंजिनिअरचा घोगरा आवाज, मग त्याच्या बायकोचा घाईचा, मग एका लहान मुलीचा, मग धाप लागलेल्या आजीचा. लेझन आणि त्याचा जोडीदार. मग दुसरी जोडी: 'शोन' म्हणजे आधीच, आणि टिंबवाला तोच म्हणजे सुंदर. क्रम उलटसुलट, कुणाचा आवाज उंच, कुणाचा खाली. सिस्टर पहिले काही दिवस पार गडबडली. बाई फक्त 'बरोबर' आणि 'चूक' म्हणत राहिल्या. मग चुका विरळ होऊ लागल्या, आजीच्या धापेतसुद्धा.

एका दुपारी टेपवर शब्द संपले आणि रेकॉर्डर चालूच राहिला. कपबशा वाजल्या, कुणीतरी हसलं. मग एक मराठी आवाज, अगदी जवळून: "अगं, आता माझंही ऐक. मी शिकलोय." घसा खाकरला गेला आणि मोठ्या थाटात एक जर्मन वाक्य आलं.

बाईंचा हात बंद करायच्या कळीवरच थांबला.

सिस्टर खळखळून हसली. "बाई, हे कोण? यांनी साधा ओच म्हटला की! 'तू सुंदर आहेस' म्हणायचं होतं, आणि म्हणाले 'तू आधीच आहेस'!"

मग बाईंचा चेहरा बघून ती दचकली. "चुकलं का माझं?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. डोळे भरले होते आणि हसूही आवरत नव्हतं. "बरोबर. अगदी बरोबर. आमचे हे. शेवटपर्यंत आधीच म्हणत राहिले. मी विचारायची, आधीच काय हो? तर म्हणायचे, आधीच सगळं."

थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं, ते वाक्य सिस्टरनं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. आवाज अनोळखी, चित्र समोर नाही, प्रश्नही कुणी विचारला नव्हता. तरी चूक तिच्या कानाला आपोआप टोचली होती.

"तुझा कान तयार झाला बघ," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या मुलाखतीत हेड नर्सनं सोडायला सांगितलं तेव्हा सिस्टरनं पट्टी सोडली. वाचायला सांगितलं तेव्हा वाचलं. संपल्यावर ती जिन्यावरून धावत वर आली आणि बाईंना मिठी मारून रडली. परदेशी जाताना तिनं सगळ्या आवाजांची प्रत मोबाइलवर करून घेतली. "तिकडे कान बोथट झाला तर घासायला," म्हणाली.

ती गेल्यावर बाई वर्ग सुटल्यानंतरही कधीकधी थांबतात. शब्दांच्या जोड्या पुढे पळवतात आणि मधलं ऐकतात: खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणीतरी साखर विचारतंय, हे मराठीतच "पुरे, पुरे" म्हणतायत. खालून दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला की उठतात.