पहिलं कपाट कुठं होतं?

शाळेतून पत्र आलं आणि बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. पत्र छापील होतं, खाली नव्या मुख्याध्यापिकेची सही होती. शाळेच्या ग्रंथालयाला माजी मुख्याध्यापकांचं नाव द्यायचं घाटतंय, कुणाचा आक्षेप असल्यास पुढच्या शनिवारी बैठकीला प्रत्यक्ष हजर राहून मांडावा, असं त्यात लिहिलेलं.

माजी मुख्याध्यापक म्हणजे शिट्टीसर. गळ्यात कायम शिट्टी लोंबायची म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव, शिक्षकांनीही तेच उचललं. आणि ते ग्रंथालय? बावीस वर्षं बाईंनी तळहाताच्या फोडासारखं जपलेलं. सुरुवात केली तेव्हा प्रयोगशाळेमागचं मोडकं न्हाणीघर होतं ते. नळाचं तोंड बाईंनी स्वतः बंद करून घेतलं आणि शाळेच्या दवाखान्यातलं टाकून दिलेलं लोखंडी कपाट आत आणवलं. त्याच्या दारावर लाल फुली होती आणि एक दार लागायचंच नाही. "पुस्तकांना वाळवी लागेल, शाळेची अब्रू जाईल," म्हणून या शिट्टीसरांनी दोनदा कुलूप घातलं. मग एकदा मोठे तपासनीस आले, चार शब्द चांगले बोलले, आणि सर रातोरात पुस्तकांचे बाप झाले. कपाटं मोठ्या हॉलमध्ये गेली, फीत सरांनी कापली, बाई मागच्या रांगेत टाळ्या वाजवत राहिल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आणि आता दारावर त्याचं नाव!

आक्षेप घ्यायचा तर पुरावा हवा. जुन्या नोंदवह्या रंगकामाच्या वेळी रद्दीत गेल्या होत्या. बाईंनी प्रयोगशाळेतल्या जुन्या मदतनिसाला फोन लावला, कपाट त्यानंच तर उचललेलं. तो म्हणाला, "बाई, माझे गुडघे दुखतात. मला यात ओढू नका." जिभेचे गुडघे दुखत होते त्याच्या, दुसरं काय!

चार दिवस बाई घरात भांड्यांवर राग काढत फिरल्या. मुलगी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला, सकाळपासून लोकांच्या शिरा शोधून थकून घरी यायची, आणि घरी आईच्या कपाळावरची शीर ताठ.

"आई, पुरे झालं. तुझं डोकं दुसरीकडे लावू या. आण फोन."

"काय करतेस?"

"डेटिंग अ‍ॅप टाकतेय. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. चहाला एखादं माणूस तरी मिळेल."

"अगं बये, लोक काय म्हणतील?"

"लोकही तिथेच असतात."

झालं. नंबर टाकला, त्यावर आलेला आकडा भरला. जन्मतारीख खरी टाकली, कारण ती मग बदलता येत नाही, आणि वय अ‍ॅप आपलं आपण दाखवतं: त्रेसष्ट. पूर्ण नाव दिसत नाही, फक्त पहिलं. शाळेत बाईंना सगळे आडनावानं हाका मारायचे, पहिलं नाव पगारपत्रकापलीकडे कुणी वाचलेलं नव्हतं. मुलीनं चार फोटो काढले. मोतीबिंदूनंतर चष्मा गेलेला, अंबाडा जाऊन पांढरे आखूड केस आलेले. फोटो खरा की खोटा हे पटवायला अ‍ॅपनं मान डावीकडे, उजवीकडे करायला लावली, मग नावापुढे निळी खूण दिली. वय अठ्ठावन्न ते सत्तर, अंतर वीस किलोमीटर, असं सगळं ठरवून झालं.

"आता माणूस आवडला तर उजवीकडे सार, नाही तर डावीकडे. दोघांनी एकमेकांना उजवीकडे सारलं तरच जोडी जुळते. आणि या अ‍ॅपवर पहिला मेसेज बाईनंच लिहायचा. चोवीस तास मिळतात. नाही लिहिला तर जोडी आपोआप रद्द. मग त्याला उत्तराला चोवीस तास."

"म्हणजे पेपर आम्हीच काढायचा! हे बरं आहे."

बाईंनी माणसं डावीकडे सारायला घेतली. एक गाडीला टेकलेला, एक दुसऱ्याच्या गाडीला टेकलेला, एकाच्या खांद्यावर फोटोतून कापून टाकलेल्या बायकोची बोटं तेवढी उरलेली. सातवा फोटो आला आणि बाईंचा अंगठा हवेत थांबला.

शिट्टीसर. वय एकसष्ट म्हणे! बाईंपेक्षा पाच वर्षांनी मोठा माणूस वयात दोन वर्षं मागे राहून पास होत होता. खाली अ‍ॅपचा प्रश्न होता, 'मला कशाचा अभिमान आहे', आणि उत्तर: 'रिकाम्या खोलीतून एकट्यानं उभं केलेलं शाळेचं ग्रंथालय.'

बाईंनी अंगठा उजवीकडे ओढला. त्याच क्षणी पडद्यावर झळकलं: जोडी जुळली!

"म्हणजे यानं मला आधीच...? ओळखलं मेल्यानं?"

"ओळखलं कसलं! ही माणसं बघतसुद्धा नाहीत गं. दिसेल तिला उजवीकडे सारत सुटतात, लागला तर लागला."

हे बाईंना जास्त झोंबलं. बावीस वर्षं शेजारच्या खोलीत शिकवलं, आणि या माणसानं चेहरा बघण्याचीही तसदी घेतली नव्हती.

त्यांनी लगेच लिहायला घेतलं. चोर, लबाड, ढोंगी, जितकं आठवलं तितकं. मुलीनं खांद्यावरून वाचलं.

"पाठवू नकोस. वाचेल आणि जोडी मोडेल. तीन टिंबं दाबायची, 'जोडी मोडा' दाबायचं, कारण निवडायचं. संपलं. सगळं संभाषण त्याच्याही फोनमधून जातं, तुझ्याही."

"माझ्याही?"

"हो. तू लिहिलेलंच नाही असं होतं."

बाईंनी लिहिलेलं पुन्हा एकदा वाचलं. मग सगळी शिव्याशापांची माळ पुसली. रागावलेल्या बाईपुढे मूल तोंड मिटतं, प्रश्न विचारला की बोलतं, आणि ज्याला येत नसतं ते सर्वांत जास्त बोलतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत याहून मोठं ज्ञान बाईंना मिळालं नव्हतं. त्यांनी लिहिलं:

'नमस्कार. तुमचं ग्रंथालयाचं वाचून कुतूहल वाटलं. पहिलं कपाट कुठं होतं?'

अर्ध्या तासात उत्तर. 'वा! काय सुंदर प्रश्न! पहिलं कपाट माझ्या केबिनमध्येच होतं. सागवानी. मी स्वतः हातानं निळा रंग दिला होता.'

"सागवानाला कुणी रंग देतं का?" बाई मुलीला म्हणाल्या. "ढ आहे. पहिल्यापासून ढ."

'मुलं कुठं बसायची?' बाईंनी विचारलं. 'माझ्या केबिनमध्ये, माझ्या पायाशी,' उत्तर आलं. 'कुणाची मदत झाली?' त्यावर लांबलचक आलं: 'एकट्यानंच केलं हो. शाळेत एकदोन बायका होत्या, पण त्यांना चकाट्या पिटण्यातच रस. एक तर सारखी तोंड पाडून बसायची.'

तीन दिवस चाललं हे. तीन दिवसांत त्यानं बाईंना एकही प्रश्न विचारला नाही. तुम्ही काय करता, एवढंसुद्धा नाही.

शुक्रवारी मुलगी म्हणाली, "आण, पडद्याचे फोटो काढून ठेवते. उद्या त्यानं जोडी मोडली तर?"

"मोडेलच. मोडू दे."

"आई, पुरावा जाईल!"

"फोटो दाखवले तर म्हणेल खोटे आहेत, पोरीनं बनवले. मला फोटो नकोत, मला त्याचा अंगठा पाहिजे. चारचौघांत."

मुलगी आईकडे बघतच राहिली. हिच्या हाताखाली आपण लहानाचे मोठे झालो, तरी धड आहोत, याचंच तिला नवल वाटलं असावं.

शनिवारी बैठकीला मुख्याध्यापिका होत्या, चार विश्वस्त होते, कोपऱ्यात जुना मदतनीस होता, गुडघे बरे झालेले, कारण चहा होता. शिट्टीसर इस्त्रीचा कोट घालून मधल्या खुर्चीत. बाईंना बघून हसले. "अरे वा, बाई! अजून तब्येत ठणठणीत?"

"तुमच्या कृपेनं," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिकेनं सरांचा अर्ज वाचला. त्यात लिहिलं होतं, की ग्रंथालयाची सुरुवात त्यांनी मोठ्या हॉलमध्ये, नव्या लोखंडी मांडण्यांवर केली. मग विचारलं, "कुणाचा आक्षेप?"

बाई उठल्या. "आक्षेप नाही, शंका आहे. कपाट हॉलमध्ये होतं की केबिनमध्ये? कारण मंगळवारी सरांनी मला लेखी कळवलंय की केबिनमध्ये." त्यांनी संभाषण उघडून फोन मुख्याध्यापिकेच्या हातात दिला. "आपण मोठ्यानं वाचा. आधी फोटो बघा, मग वय बघा, मग वाचा."

मुख्याध्यापिकेच्या भुवया वर गेल्या. एका विश्वस्तांना चहाचा ठसका लागला. सरांनी बाईंकडे नीट, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, बघितलं. पांढरे आखूड केस, चष्मा नाही. सरांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला.

"'पहिलं कपाट माझ्या केबिनमध्येच होतं. सागवानी,'" मुख्याध्यापिका वाचू लागल्या. "'मी स्वतः हातानं...' सर, हे तुम्ही लिहिलंय?"

"छे! मी असल्या अ‍ॅपवर नाहीच. कुणीतरी माझा फोटो वापरला असणार."

"'माझ्या केबिनमध्ये, माझ्या पायाशी...' 'एकदोन बायका होत्या, पण त्यांना चकाट्या...'" त्या थांबल्या. पडदा त्यांच्या डोळ्यांदेखत पालटला होता. "अहो, हे गेलं कुठं? आत्ता तर होतं. इथं येतंय की ही जोडी आता उपलब्ध नाही."

शिट्टीसरांचा उजवा हात टेबलाखाली होता.

"बाई, मी काही दाबलं का?" मुख्याध्यापिकेनं घाबरून विचारलं.

"तुम्ही नाही. ते समोरच्याला दाबावं लागतं," बाई म्हणाल्या. "तीन टिंबं, मग 'जोडी मोडा', मग कारण. सर, कारण काय निवडलंत?"

"सर," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि आवाज आता घाबरलेला नव्हता, "आपला फोन टेबलावर ठेवता?"

"माझा खाजगी फोन..."

"ठेवा."

फोन वर आला. पडदा अजून विझला नव्हता. अ‍ॅप उघडंच होतं, वर त्यांचाच फोटो, एकसष्ट वर्षांचा.

तेव्हा कुठं कोपऱ्यातून आवाज आला. "कपाट औषधांचं होतं. लाल फुलीचं. न्हाणीघरात ठेवलेलं. मीच उचललं होतं, बाईंनी एक टोक धरलं होतं. कुलूप या सरांनी घातलं होतं, दोनदा."

"इतकी वर्षं का गप्प बसलात?" एका विश्वस्तांनी विचारलं.

"कुणी विचारलंच नाही."

बाईंना त्याचा गळा धरावासा वाटला, पण आज गळा एकाचाच धरायचा होता.

ठराव फेटाळला गेला. त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. सर उठले, कोटाचं बटण लावता लावता दुसऱ्याच भोकात लावून बसले.

"मग आता नाव कुणाचं द्यायचं?" मुख्याध्यापिका बाईंकडे बघत म्हणाल्या, प्रेमानंच. "पाटी तर पितळेची तयार करून आणलीय, फक्त नाव कोरायचं राहिलंय. आपलं देऊ?"

बाईंच्या पोटात क्षणभर ऊन पडल्यासारखं झालं. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारत होतं. मग त्यांनी दाराकडे बघितलं. शिट्टीसर उंबऱ्यात थांबले होते, उत्तर ऐकायला. त्यांचं घर शाळेच्या समोरच, खिडकीतून ग्रंथालयाचं दार सरळ दिसायचं.

"नको," बाई म्हणाल्या. "पाटी कोरीच लावा. रोज पुसून लख्ख ठेवा म्हणजे झालं. सरांना खिडकीतून दिसली पाहिजे."