फक्त एक सही

आमच्या पोराला जामीन मंजूर झाला होता, अडलं होतं ते जामीनदारावाचून. आमचे हे मोठ्या रुबाबात कोर्टाच्या खिडकीशी गेले. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, घराचे कागद, फोटो, सगळं फाइलला नीट लावलेलं. बायकोचा वाढदिवस लक्षात राहत नाही, पण कागद चोख!

कारकुनाने प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं. "याआधी किती जणांना जामीन राहिलात, ते इथे लिहा."

यांचं पेन थांबलं. दोन वर्षांपूर्वी यांचा पुतण्या म्हणाला होता, "काका, फक्त एक सही." मी कानीकपाळी ओरडले होते, पण माझं ऐकतो कोण? तेव्हाही याच घराचे कागद दिले होते. पुतण्या गेल्या तीन तारखांना फिरकलाच नाही, आणि आता त्याचा फोनही लागत नाही.

यांनी ही हकीकत सांगितली, तसा कारकून म्हणाला, "तो हजर राहील, ही हमी तुमची होती. तो पळाला की दंड तुमच्या बोकांडी, आणि नाही भरला तर घरावर जप्ती. मला जामिनातून मोकळं करा, असा अर्ज तेव्हाच द्यायचा होता. आता याच घरावर साहेब दुसरा जामीन घेणार नाहीत."

"मग शून्य लिहू का?" यांनी हळूच विचारलं.

"लिहा की! मग खोट्या प्रतिज्ञापत्राच्या खटल्यात तुम्हालाच जामीनदार शोधावा लागेल."

बाहेर आल्यावर यांनी फाइल काखेत मारली. मग माझी नजर चुकवत म्हणाले, "तुझ्या भावाला विचार ना. त्याला सांग, फक्त एक सही."