शाबासकी न कळलेला फोन

मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, बॅटरी कशीबशी दुपारपर्यंत तग धरते आणि कुणाचा निरोप आला की मी सगळा थरथरतो. मित्रांनो, गप्प पडून राहणं मला कधी जमलंच नाही. माझ्या या घायकुतीपायी एका बाईची नोकरी जाता जाता राहिली, ती गोष्ट मला सांगायची आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. पहिली दोन वर्षं मी एका कॉलेजातल्या मुलीच्या हातात काढली. कौतुक काय विचारता, ती मला रोज मऊ फडक्याने पुसायची. मग तिच्याकडे नवा फोन आला आणि मी कपाटात गेलो. तिथे वर्षभर अंधारात पडून होतो. पुढे तिच्या आईने बारा-तेरा वर्षांनी पुन्हा काम धरलं, सोफे शिवण्याच्या कारखान्यात, आणि मला बाहेर काढलं गेलं. या आईलाच मी माझी मालकीण म्हणतो.

त्या कारखान्याची एक रीत होती. सोफा तयार झाला की त्याचा फोटो सगळ्यांच्या ग्रुपवर टाकायचा. पाव तास वाट बघायची. कुणाला खोट दिसली तर त्याने ती लिहायची, मगच सोफ्यावर प्लास्टिक चढवायचं. स्वतःच्या हातचं दहा वेळा बघूनही चूक सुटते, म्हणून फोरमनकाकांनी हा नियम घातला होता. मालकिणीला तीन महिन्यांसाठी घेतलं होतं. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर घरी.

माझ्यात एक सोय आहे. निरोप आला की त्याखाली मी दोन-तीन तयार उत्तरं मांडतो. बोट टेकवलं की उत्तर गेलं. मालकिणीला टायपिंगचा भारी कंटाळा, त्यामुळे माझी ही सोय तिला फार आवडायची आणि मीही फुशारून जायचो.

दुसऱ्या महिन्यात तिने हिरव्या मखमलीचा सोफा केला. मखमलीला लव असते. एका दिशेने हात फिरवला तर कापड उजळ दिसतं, उलट फिरवला तर काळपट. मधल्या उशीचं कापड तिने उलटं लावलं होतं, आणि फोटोत ती उशी ओली झाल्यासारखी गडद दिसत होती. कापड कापणारा एकजण होता, त्याला सगळे हिरो म्हणत. त्याने लगेच लिहिलं, "वॉव, अमेझिंग! हा सोफा विकू नका, म्युझियममध्ये ठेवा." खाली चार हसणारे चेहरे उमटले. आणखी कुणीतरी लिहिलं, "ग्रेट जॉब, ताई."

मी शब्द वाचले. वॉव, अमेझिंग, ग्रेट. सगळे कसे गोड. मी उत्तर मांडलं, "थँक यू सो मच." तिने बोट टेकवलं. पुन्हा हसणारे चेहरे आले, ते मी आनंदाचे समजलो. ती बिचारी दिवसभर गुणगुणत होती.

तीन दिवसांनी सोफा गिऱ्हाइकाकडून परत आला. फोरमनकाकांनी उशी पुढे धरून विचारलं, ही दिसली कशी नाही. ती म्हणाली, "सगळ्यांनी छान झालंय म्हणून लिहिलं होतं." कुणीतरी फिसकन हसलं. तेव्हा तिला उमगलं, आणि तिच्या पिशवीत पडल्या पडल्या मलाही. मला फार वाईट वाटलं. उशीची चूक तिची होती, पण आभार मानायला मी लावलं होतं.

त्या दिवसापासून कौतुकावरचा तिचा विश्वासच उडाला. ती म्हणाली, उद्या दोन खुर्च्या पुऱ्या करते, तर हिरोने लिहिलं, "शुअर, शुअर. आम्ही तर चार धरल्या होत्या." हे झोंबणारच. पण पॅकिंगच्या मावशींनी "वा वा, कित्ती सुंदर गं!!!" लिहिलं, तेही तिला झोंबलं.  मी थरथरलो की ती मला उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची.

तिसरा महिना संपत आला. एका संध्याकाळी ती घरी आली, गॅसवर दूध ठेवलं, आणि ग्रुपवर फोरमनकाकांचा निरोप आला. "पाठीची शिवण एका रेषेत आली आहे. इथे अशी कुणाची येत नाही. पुढचा मोठा सोफा तू घे."

तिने ते तीनदा वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. आता काकाही चेष्टेला लागले म्हणाली. मग एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं, "चेष्टा पुरे झाली. उद्यापासून मी येणार नाही." निरोप पाठवायच्या बाणावर तिचं बोट थांबलं. मी थांबवू तरी कसा? मला हात नाहीत.

लेक तिथेच बसली होती. तिने मला काढून घेतलं आणि ग्रुप वर वर सरकवत नेला. हिरोचं जुनं लिहिणं तिने आईला दाखवलं. मित्राचा सोफा खरंच आवडला तेव्हा त्याने लिहिलं होतं, "कोपरा भारी बसलाय, फोम कुठला घेतलास?" आणि एका खुर्चीचा पाय मोडला तेव्हा पुन्हा तेच, वॉव अमेझिंग.

"आई, बघ. खरं आवडलं की तो कोपऱ्याचं नाव घेतो, प्रश्न विचारतो. चेष्टा करताना नुसतं आभाळाएवढं कौतुक करतो, आणि तेही नेमकं काही बिघडलं की. खाली कोण हसतंय तेही बघ."

आईने विचारलं, मग मावशींचं काय, त्यांचंही आभाळाएवढंच असतं. लेकीने मावशींचे जुने निरोप काढले. चहा गरम आहे, एवढं लिहितानाही त्यांनी तीन उद्गारचिन्हं दिली होती. त्यांची बोलायची तऱ्हाच तशी, त्यामागे टोचणी नाही. आणि काका? या तीन महिन्यांत त्यांनी कुणाला "ठीक" याच्यापुढे एक शब्द लिहिला नव्हता. आज त्यांनी तीन वाक्यं लिहिली होती, आणि त्यात शिवणीचं नाव होतं.

"तरी खात्री नसेल तर काकांना एकट्यांना विचार, नेमकं काय आवडलं म्हणून. खऱ्या कौतुकाला उत्तर असतं."

आईने आधीचं सगळं खोडलं आणि तेवढंच विचारलं. दूध उतू गेलं, तरी दोघी हलल्या नाहीत. काकांचं उत्तर आलं, "दोन कापडांच्या रेघा जोडावर जुळल्या आहेत. पट्टी लावून बघितलं. उद्या लवकर ये, कायमच्या कागदावर सही करायची आहे." ती रडली. माझी काच ओली झाली.

चार दिवसांनी तिने त्या मोठ्या सोफ्याचा फोटो टाकला. हिरोचा निरोप हजर, "वॉव, ग्रेट जॉब." मी सवयीने आभार मांडले, पण तिने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. स्वतः लिहिलं, "नेमकं काय चांगलं झालंय ते सांग भाऊ, म्हणजे पुढेही तसंच करीन."

हिरो लिहितो आहे, असं मी दाखवलं. मग तो थांबला. पुन्हा लिहू लागला, पुन्हा थांबला. या वेळी खाली कुणी हसलं नाही. मी जागच्या जागी तळमळत होतो. शेवटी निरोप उमटला, "सोफ्याच्या उजव्या हाताची पट्टी अर्धं बोट खाली आली आहे."

तिने जाऊन बघितलं. खरंच खाली होती. प्लास्टिक चढायच्या आत तिने ती उसवली.

मित्रांनो, आता मी फार दिवसांचा सोबती नाही. पण एवढं ऐका. कुणाचं काम आवडलं तर काय आवडलं ते सांगा. कुणी फोटो टाकून वाट बघत असेल आणि तुम्हाला त्यात खोट दिसली, तर ती गोड शब्दांत गुंडाळून हसू नका. हिरोला ती हिरवी उशी पहिल्याच दिवशी दिसली होती.