गुरुवार वगळून

शब्दकोशाच्या त्या कचेरीत एखाद्या शब्दाचा अर्थ ठरायला वर्ष लागले तरी कोणाची तक्रार नसे. बैठकीची तारीख मात्र जिन्यात, हातात चहाचा कप असताना, एका दमात ठरून जाई. त्या सोमवारीही तसेच झाले. कोशाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत, खाली उतरत होते आणि व्युत्पत्ती विभागाचे संपादक अण्णा वर चढत होते.

“अण्णा, गुरुवारी संपादक मंडळाची बैठक,” सर न थांबता म्हणाले. “तिसऱ्या खंडात व्युत्पत्ती ठेवायच्या की गाळायच्या, एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकू. सगळे मोकळे आहेत, मी स्वतः पाहिलंय.”

अण्णा कठड्याला धरून उभे राहिले. गुरुवारी सकाळी त्यांच्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती. रजेचा अर्ज त्यांनी महिन्याभरापूर्वीच टाकला होता आणि तो मंजूर करणारे गृहस्थ, बहुधा फोनवर दुसऱ्याच कोणाशी बोलता बोलता, हेच होते.

आता यात कोणाला वाटेल की तोंड उघडून सांगायचे, विषय संपला. पण अण्णांच्या रागाला इतिहास होता, आणि इतिहास असलेला राग तोंड उघडत नाही, तो पुरावे जमवतो. पहिल्या खंडाच्या वेळी ते भाचीच्या लग्नाला गेले आणि परत येऊन पाहतात तो उच्चारांची मार्गदर्शिका गायब. सर्वानुमते गाळली, असे त्यांना कळले. सर्वानुमते म्हणजे जे उपस्थित होते त्यांच्या मते. दुसऱ्या खंडाच्या वेळी ते रीतसर रजा घेऊन बहिणीकडे गेले होते, आणि तेवढ्यात बोलीभाषांचे परिशिष्ट अर्ध्यावर आले. एकदा झाले तर योगायोग म्हणावे. पण दर वेळी आपल्याच रजेवर बैठक येऊन आदळावी, याला शब्दांच्या मुळाशी जाण्याची सवय जडलेला माणूस योगायोग म्हणत नाही. आपल्या पाठीमागे निर्णय उरकण्याची ही सभ्य लोकांची पद्धत आहे, असे अण्णांनी मनाशी पक्के केले होते. सभ्य लोक सुरा वापरत नाहीत, निमंत्रण वापरतात.

आणि या वेळी पणाला काय लागले होते? बावीस वर्षांचे काम. व्युत्पत्ती गाळल्या की खंड सडपातळ होणार, छपाई स्वस्त होणार आणि अण्णांच्या खोलीतल्या चिठ्ठ्यांच्या कपाटांना गोदामाची वाट दाखवली जाणार. त्यांच्या बाजूने बोलायला दुसरे कोणी नव्हते. बोलण्याइतके त्यातले कोणाला कळतही नव्हते.

दुसऱ्या पारड्यात आई होती. तिने ही शस्त्रक्रिया आधी एकदा पुढे ढकलली होती, तीही अण्णांच्याच कामापायी. “डॉक्टर बदलला तरी चालेल,” परवाच तिने बजावले होते, “पण भूल चढताना समोर तू दिसला पाहिजेस. तुझी ती बहीण नको. ती माझ्याआधी रडायला लागते.”

अण्णांनी जिन्यातच ठरवून टाकले. रजा रद्द करायची. बहिणीला बोलवायचे, रडली तर रडू दे. आणि हे करताना संबंधितांना चार शब्द असे सुनवायचे की त्यांच्या पुढच्या सात बैठका बेचव झाल्या पाहिजेत.

संबंधित म्हणजे यंदा ताई. मंडळाचे, म्हणजे बैठकांची निमंत्रणे धाडण्याचे, चिटणीसपद दर वर्षी एका संपादकाकडे फिरत असे. यंदा ते वैज्ञानिक परिभाषेच्या संपादिकेकडे आले होते. दुसऱ्या मोठ्या संस्थेतली नोकरी सोडून त्या वर्षभरापूर्वीच इथे रुजू झाल्या होत्या आणि सगळ्या मजल्यावर त्यांना ताईच म्हणत. अण्णा त्यांच्या दारात उभे राहिले तेव्हा त्या संगणकाच्या पडद्याकडे डोळे बारीक करून पाहत होत्या.

“निमंत्रण गेलं?” अण्णांनी विचारले. आवाज बर्फासारखा होता.

“नाही अजून. बसा ना अण्णा. उभं राहून भांडलात तर माझी मान अवघडेल.”

“मी भांडायला आलेलो नाही. गुरुवारची माझी रजा मी रद्द करतोय, एवढंच सांगायचं होतं. म्हणजे तुम्हाला गैरसोय नको.”

“हात लावू नका त्या रजेला!” ताई एकदम वळल्या. “त्या रजेपायीच निमंत्रण अडवून बसलेय मी. इकडे या आधी. तुम्हाला एक गंमत दाखवते.”

गंमत हा शब्द अण्णांच्या तयारीत बसणारा नव्हता. तरी ते गेले.

पडद्यावर गुरुवारचा दिवस तासातासांत आडवा पसरला होता आणि प्रत्येक सदस्याच्या नावापुढे एक पट्टी होती. जो कामात असेल त्याची पट्टी त्या तासांपुरती रंगलेली, मोकळा असेल त्याची कोरी. अण्णांच्या नावापुढची पट्टी सकाळपासून संध्याकाळपर्यंत धुतल्यासारखी कोरी होती.

“सरांनी हे पाहिलं,” ताई म्हणाल्या. “आणि खोटं नाही बोलले ते. इथे तुम्ही मोकळेच दिसताय.”

“कसा मोकळा? माझ्या कॅलेंडरात मी स्वतःच्या हाताने रजा लिहिली आहे. दर वेळी लिहितो.”

“लिहिलीय, दिसतेय मला. पण कशी लिहिलीत? दिवसभराची नोंद म्हणून. बरोबर?”

“रजा दिवसभराचीच असते, ताई.”

“तीच तर मेख आहे. दिवसभराची नोंद केली की हे यंत्र आपलं आपणच धरून चालतं की माणूस मोकळा आहे. त्याला वाटतं, कोणाचा तरी वाढदिवस असेल. नोंद उघडून खाली ‘कार्यालयाबाहेर’ असं निवडावं लागतं, तेव्हा कुठे पट्टी रंगते. तुम्ही ते कधी निवडलं नसणार.”

अण्णांनी निवडले नव्हते. एकदाही नाही. ज्या माणसाने एका उपसर्गाच्या अर्थछटांवर सोळा पाने लिहिली, त्याने स्वतःच्या नोंदीची खालची ओळ कधी वाचली नव्हती. म्हणजे त्यांनी ज्याला कट समजून इतकी वर्षे जपले, तो पांढऱ्या पट्टीचा पराक्रम होता. कट कोसळल्याचे दुःख त्यांना क्षणभर खरोखर झाले. इतका सुबक बांधलेला राग वाया जाताना पाहवत नाही.

“मग तुम्हाला कसं कळलं?” त्यांनी विचारले. आवाज आपोआप वितळला होता.

“मी या पट्ट्यांवर भरवसा ठेवत नाही. आधीच्या नोकरीत ठेवला होता. अख्खी सभा बोलावली, आणि जिच्या प्रकल्पासाठी बोलावली तीच बाई बाळंतपणाच्या रजेवर! सगळे आपले तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतायत. तेव्हापासून निमंत्रण धाडण्याआधी आस्थापना विभागाचं रजेचं कॅलेंडर उघडते. मंजूर झालेल्या सगळ्या रजा तिथे असतात. हे कॅलेंडर आणि ते कॅलेंडर एकमेकांशी बोलत नाहीत, सख्ख्या जावांसारखी. मग दोघींना मीच विचारते.”

त्यांनी दुसरी खिडकी उघडली. गुरुवार आणि शुक्रवारवर अण्णांचे नाव होते. कारण नव्हते, फक्त नाव आणि ‘रजा’. पुढच्या आठवड्यात सोमवारी आणि मंगळवारी छपाई व्यवस्थापकाचे नाव होते. चित्रकार बाईंची महिनाभर दुपारनंतर अर्धी रजा होती.

“म्हणजे पुढचा बुधवार, सकाळी,” ताई म्हणाल्या. “पण इथे मंजूर झालेल्याच रजा दिसतात. कोणाचा अर्ज अजून अडकला असेल, म्हणून सगळ्यांना एकदा विचारलंय. उत्तरं आली की पाठवते.”

एवढ्यात सर आत आले. “ताई, निमंत्रण मिळालं नाही मला.”

“गुरुवार जमत नाही सर. बुधवारी सकाळी घेऊ, पुढच्या.”

“का? सगळे मोकळे होते.”

“अण्णा रजेवर आहेत.”

“मग त्यांचं टिपण मागवून घ्या. एका माणसासाठी—”

“सर, विषयपत्रिकेवर एकच विषय आहे आणि तो या एका माणसाचा आहे. नवरदेवाला वगळून मुहूर्त काढल्यासारखं होईल.”

सर हसले नाहीत, पण हसू दाबताना त्यांच्या मिशा हलल्या. ते अण्णांकडे वळले. “कुठे निघालात?”

“कारण कॅलेंडरात नसतं सर,” अण्णांच्या आधी ताईच म्हणाल्या, “आणि तारीख ठरवायला ते लागतही नाही.”

अण्णांना वाटले, आयुष्यात आपल्यासाठी असे दार कोणी अडवून धरले नव्हते. आणि दार कोणीतरी सांभाळते आहे म्हटल्यावर ते उघडायला त्यांना संकोच उरला नाही. “आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे,” ते म्हणाले.

“अहो, मग बोलायचं नाही का माणसाने? रजा मंजूर कोणी केली?”

“तुम्ही.”

सरांनी काही वेळ छताचे निरीक्षण केले. “बुधवार म्हणजे बुधवार,” ते म्हणाले आणि निघून गेले. दुपारी निमंत्रण आले. अण्णांनी ते स्वीकारले, मग स्वतःच्या गुरुवारच्या नोंदीत शिरून खालची ओळ बदलली. पट्टी जांभळी झाली.

गुरुवारी आईला चाकांच्या खाटेवरून नेताना अण्णा बाजूने चालत होते. आईने त्यांचे बोट धरले होते, लहानपणी त्यांनी तिचे धरले असेल तसे. “आज तुझ्या कचेरीत काय आहे?” तिने विचारले.

“काही नाही.”

“खरं सांग.”

“खरंच काही नाही, आई. ठेवलंच नाही त्यांनी.”

तिने बोट सोडले ते भूल चढल्यावरच.

बुधवारी अण्णा अर्धा तास बोलले. छपाई व्यवस्थापकाने पानांचा हिशेब मांडून विरोध केला. तो हजर होता म्हणूनच त्यातून वाटही त्यानेच काढली. व्युत्पत्ती बारीक अक्षरात, दोन स्तंभांत बसवायच्या. चित्रकार बाईंनी चार चित्रे सोडून दिली. सरांनी मत विचारले तेव्हा सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या आणि सगळे हात वर गेले. कपाटे जागची हलणार नव्हती.

बैठकीनंतर अण्णा ताईंच्या खोलीत गेले. कृतज्ञता या शब्दाचा प्रवास त्यांना प्राचीन काळापासून तोंडपाठ होता; ती प्रत्यक्ष व्यक्त करण्याचा सराव मात्र नव्हता. कोणी आपल्यावर उपकार करील, असे त्यांनी आजवर कधी गृहीत धरलेच नव्हते.

“ताई,” ते दारातूनच म्हणाले, “तुम्ही पाहिलंत. कोणी सांगितलं नव्हतं, तरी पाहिलंत. मी... म्हणजे फार बरं केलंत.”

“दोन मिनिटांचं काम असतं हो ते.”

“माहीत आहे. ती दोन मिनिटं आजवर कोणी दिली नव्हती. मी स्वतः पण नाही.”

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आई कशा आहेत?”

बऱ्या आहेत, असे म्हणून निघण्याची अण्णांची रीत होती. पण आईने काल कुबड्या फेकून भौतिकोपचारवालीलाच चार गोष्टी सुनावल्या होत्या, बहीण कोपऱ्यात नेमाने रडत होती, आणि हे सगळे कोणालातरी सांगावे असे त्यांना सकाळपासून वाटत होते. त्यांनी खुर्ची ओढली, ऐसपैस बसले आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला लागले.