औषधाचं दूध

गोठेवाल्या काकूंना कासेचं काही शिकवायला जाणं म्हणजे स्वतःचीच शोभा करून घेणं. सहा गाई आणि पस्तीस वर्षं. पिळताना गाय कुठे अंग चोरते यावरून त्या सांगायच्या, उद्या कोणता सड सुजणार आहे. आणि बाई बोलायलाही तशाच फटकळ. डेअरीतल्या दूध तपासणाऱ्या पोराला त्या तोंडावर म्हणायच्या, "तू नळीत बघतोस, मी डोळ्यांत बघते."

सोमवारी सकाळी सून उठली ती थरथरतच. पाच आठवड्यांची बाळंतीण. डावा स्तन दगडासारखा कडक, वरच्या बाजूला तळहाताएवढा लालभडक पट्टा, हात लावू देईना. ताप एकशे दोन. काकूंनी पाहिलं आणि त्यांचं निदान तयार! "दगडी झालीय. गाईंना होते तशीच. घाबरू नकोस, माझा हात फिरला की मोकळं होईल."

आणि फिरवला की हो हात! कढत पाण्याचा शेक, तेल, आणि दोन्ही अंगठ्यांनी वरून खाली अशी पिळणी की सुनेनं पदराचा बोळा तोंडात धरला. तासभर. दूध थेंबभर आलं, लाली मात्र वाढली.

दुपारी सून हट्टानं दवाखान्यात गेली. काकू बाळ घेऊन सोबत होत्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईगर्दीत बोलल्या नाहीत. बोंड नीट पाहिलं, कुठे चीर, पू नाही ना ते तपासलं. मग म्हणाल्या, "ही स्तनाची सूज आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच अँटिबायोटिक लागत नाही. बाळाला नेहमीसारखं दोन्ही बाजूंनी पाजायचं. पाजणं अचानक बंद केलंत तर आत पू होण्याची भीती वाढते. गरम नाही, थंड शेक. दुखण्याची, तापाची ही गोळी. आणि हे चोळणं-पिळणं कोणी केलंय? ते बंद. आतली सूज त्यानं वाढते."

काकू छताकडे बघत राहिल्या.

"उद्या याच वेळेपर्यंत उतार पडला नाही, तर या दुसऱ्या गोळ्या लगेच सुरू करायच्या. हे अँटिबायोटिक. दिवसातून चार वेळा, दहा दिवस, बरं वाटलं तरी मधे सोडायचं नाही. त्या आधीच थंडी वाजून ताप चढला, गळाल्यासारखं झालं, तर उद्याची वाट न बघता इकडे यायचं. आणि गोळ्या चालू असतानाही पाजायचं."

इथेच काकूंचं डोकं फिरलं. रस्ताभर त्या पुटपुटत होत्या. "औषध पण घे म्हणते आणि पाज पण म्हणते. त्या डॉक्टरीणबाईंनी जन्मात कधी कॅन ओतून दिलाय का नालीत?"

काकूंनी ओतला होता. एका गाईला दगडीसाठी सुया चालू होत्या आणि तिचं दूध चुकून कॅनमध्ये गेलं. डेअरीनं तपासलं, सगळ्यांसमोर परत केलं. औषध संपल्यावरही काही दिवस ते दूध विकायचं नाही, हा नियम त्यांनी त्यानंतर डोळ्यांत तेल घालून पाळला. जे दूध परक्या माणसाला चालत नाही, ते आपल्या नातवाच्या पोटात? छे!

मंगळवारी दुपार झाली. ताप गोळीपुरता उतरायचा आणि चार-पाच तासांत पुन्हा चढायचा. लाली काखेकडे सरकलेली. सुनेनं दुसऱ्या गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं.

"आई, चोवीस तास झाले. घेते मी."

"घे की! मग दहा दिवस बाळाला काय पाजशील? माझं डोकं?"

"डॉक्टर म्हणाल्या, चालतं."

"डॉक्टरांचं लेकरू आहे का ते? तुला तुझं दुखणं दिसतंय. मला त्याचं पोट दिसतंय." काकूंनी पाकीट हातातून काढून घेतलं. "एक दिवस थांब. माझ्या गाई सुयांशिवायही बऱ्या झाल्यात."

झाल्या होत्या, खोटं नाही. पण ज्या झाल्या नाहीत त्या काकूंना त्या क्षणी आठवल्या नाहीत. आणि सून ती सून. लेकराच्या पोटाचं नाव काढल्यावर कोणती आई पुढे बोलेल? तिनं मान खाली घातली. मुलगा ट्रकवर, आठ दिवसांच्या वाटेवर. त्याचा फोन आला तेव्हा काकूंनीच उचलला आणि सांगितलं, "जरा अंग गरम आहे, बाकी ठीक."

एकाचे दोन दिवस झाले. गुरुवारी सकाळी गोठा आटोपून काकू घरात आल्या तर बाळ रडून रडून लालबुंद झालेलं आणि त्याची आई शेजारी डोळे अर्धवट मिटून पडलेली. अंगाला हुडहुडी, दात वाजताहेत, श्वास भरभर. डाव्या स्तनावर जांभळट चकाकी, मधोमध बोटानं दबेल असा मऊ फुगवटा. "अगं, बाळ रडतंय," काकू म्हणाल्या. सून त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "कोणाचं?"

काकू शेजाऱ्याकडे धावल्या. शेजाऱ्याची गाडी, मोठं हॉस्पिटल, धावपळ. रक्तदाब इतका खाली की दोन्ही हातांना सलाइन लागलं. सोनोग्राफीत पू दिसला. जंतुदोष रक्तात पसरलाय, म्हणाले. संध्याकाळी टेबलावर घेऊन छेद दिला, पू काढला आणि निचऱ्याची नळी ठेवली. काकू बाळाला वाटी-चमच्यानं वरचं दूध पाजत व्हरांड्यात बसल्या होत्या. हिला काही झालं तर, एवढंच त्यांच्या मनात येत होतं, त्याच्या पुढचं येतच नव्हतं.

ती वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर नीट आली, पांढरीफटक. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला बराच भाग सडला होता, तो काढावा लागला. डाव्या बाजूला दूध पुन्हा पुरेसं येईल असं सांगता येत नाही.

मग नर्स आली. सुनेच्या हाताला अँटिबायोटिक थेंबथेंब चालू होतं. नर्सनं काकूंच्या मांडीवरून बाळ उचललं, सुनेच्या उजव्या कुशीत ठेवलं आणि त्याचं तोंड लावून दिलं.

"अहो!" काकू ताडकन उठल्या. "औषध चालू आहे ना?"

"आहे की."

"मग ते दूध..."

"चालतं, काकू. औषधाचा फार थोडा अंश दुधात उतरतो. अहो, याच जातीचं औषध आम्ही तान्ह्या बाळांना सरळ देतो. पोट जरा पातळ झालं तर सांगा, एवढंच."

"पण डेअरी परत पाठवते!"

नर्सला क्षणभर हसू आलं. "ते दूध हजार घरांत जातं. औषधानं दही लागत नाही, कोणाला त्याचं वावडं असतं. म्हणून तो नियम. हा आईच्या कुशीतला आहे."

बाळ घटाघटा पीत होतं. चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर पीत होतं. काकू ते बघत उभ्या राहिल्या. एवढंच होतं तर. मंगळवारी एक गोळी पाण्याबरोबर, आणि हेच.

मोठे डॉक्टर फेरीवर आले. कागद चाळत त्यांनी सुनेला विचारलं, "दवाखान्यातून गोळ्या दिल्या होत्या ना? मंगळवारपासून सुरू करायच्या होत्या. का नाही घेतल्या?"

सुनेनं बाळाच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी घेऊ दिल्या नाहीत," काकू म्हणाल्या. "मी हातातून काढून घेतल्या."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. ओरडले असते तर काकूंना बरं वाटलं असतं. त्या खाटेजवळ सरकल्या. पस्तीस वर्षं कुणापुढे न वाकलेली बाई रडू लागली. "माझं चुकलं गं. माझी मती गेली होती. मी त्याच्यासाठीच..."

"माहीत आहे, आई," सून म्हणाली. आवाज कोरडा होता. "भान जाईपर्यंत मला सगळं कळत होतं. बोलता येईना तेव्हाही कळत होतं. हा रडत होता आणि माझा हात त्याच्यापर्यंत जात नव्हता."

काकूंनी बाळाचं घसरलेलं दुपटं सारखं करायला हात पुढे केला. सुनेनं बाळाला जवळ ओढलं. नळी ताणली गेली, ती कळवळली, पण हात सैल केला नाही.

"आजपासून याचं काय करायचं ते मी बघेन," ती म्हणाली. "तुम्ही जरा बाहेर बसा."

काकू बाहेर जाऊन बसल्या.