‘पर्यंत’ची उंची

‘साठ टक्के सूट’च्या शेपटाला ‘पर्यंत’ हा शब्द इतका बारीक चिकटवला होता की पडद्यावर मुंगी बसलीय असं वाटून धाकट्या सुनेने तो आधी बोटाने झटकून पाहिला. मुंगी हलली नाही. तिने उंची मोजली: ‘साठ’ तिच्या अंगठ्याएवढे, ‘पर्यंत’ अंगठ्याच्या नखाच्या कडेएवढा.

भांड्यांचं दुकान सासऱ्यांचं. दुकानाची वेबसाइट सांभाळणं हे तिचं काम आणि सेलची कल्पना थोरल्या दिरांची. दुपारी सेल सुरू व्हायचा होता. प्रसिद्ध करण्याचं बटण तिच्याकडे होतं, म्हणून थोरले मागेच उभे होते.

“दादा, साठ टक्के नक्की कशावर आहेत?”

“लिंबू पिळायच्या यंत्रावर. छापील शंभर, आपली किंमत चाळीस. शंभर नंबरी सत्य.”

“ते एकच उरलंय. काचेच्या कपाटात.”

“मग एकाला तरी मिळेल ना? बाकीच्यांसाठी ‘पर्यंत’ आहे. शब्द लिहिलाय, कुणाच्या बापाचं काय जातंय?”

थोरल्यांचा प्रामाणिकपणावर फार विश्वास होता. फक्त तो बारीक अक्षरात असावा, एवढीच त्यांची अट होती.

तिने कुकरचं पान उघडलं. काट मारलेली किंमत चार हजार, विक्रीची दोन हजार. शेजारी ठळक: पन्नास टक्के सूट.

“खोक्यावर चोवीसशे छापलेत. सगळे कर धरून कमाल किंमत तीच. काट मारायची तर ती तिच्यावरच. दोन हजाराला विकला तर चारशे कमी, म्हणजे सोळा-सतरा टक्के.”

“सतरा टक्क्यांवर कोण हुरळतं गं? चार हजार ही कुकरची मनातली किंमत आहे.”

“कुकरच्या?”

“माझ्या.” थोरले जरा खवळले. “हे बघ, तुला बटण दाबायचं नसेल तर तो जाहिरातवाला मुलगा तयार आहे. वेबसाइट त्याच्याकडे देतो.”

तिचा हात माऊसवरून निघाला. तीन वर्षं तिने सांभाळलेली वेबसाइट होती ती. गल्ल्यावर बसलेल्या सासऱ्यांकडे तिने पाहिलं.

“अण्णा?”

“बघू,” अण्णा म्हणाले.

अण्णांनी या दुकानात ‘बघू’ म्हणून बऱ्याच गोष्टी बघितल्या होत्या. सेलबद्दलचा ‘बघू’ गेल्या तीन सेलपासून चालू होता.

तेवढ्यात जवळच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई कुकरचं रिकामं खोकं बगलेत मारून आल्या. जुन्या गिऱ्हाईक, स्वतःच्या लग्नातली भांडीही त्यांनी इथूनच नेली होती.

“तक्रार नाही हो अण्णा, कुकर फक्कड आहे,” खोकं गल्ल्यावर ठेवत त्या म्हणाल्या. “गंमत दाखवायला आले.”

खोक्यावर थोरल्यांनी चिकटवलेला सोनेरी कागद होता: ‘आनंदाची खरेदी’. त्याचं एक टोक उचकटलेलं. बाईंनी नखाने तो हलकेच सोलला. आयुष्यभर दात कोरलेला हात. खाली छापील चोवीसशे स्वच्छ उघडे पडले.

“गेल्या सेलमध्ये नेला तेव्हा घरी बाबांना सांगितलं, चार हजाराचा दोन हजाराला आणला. घरभर कौतुक. काल माहितीपत्रक शोधताना खोकं हाती लागलं.”

“ताई, कागद जरा जास्त खाली बसला,” थोरले म्हणाले. “मुद्दाम नाही. चिकटवणारा नवा.”

“चिकटवणारे तुम्हीच होता, मी समोर उभी होते.”

थोरल्यांनी कपाटातल्या लिंबाच्या यंत्राकडे पाहिलं. त्यानेही मदत केली नाही.

“पैसे परत देतो,” अण्णा म्हणाले.

“कशाला? दोन हजाराला कुकर स्वस्तच पडलाय. चारशे वाचले सांगितलं असतं तरी घेतला असता. आता मात्र लग्नातली भांडी आठवतात हो. त्यांवरही काही चिकटवलेलं होतं का?”

हे त्या सहज विचारून गेल्या. अण्णांनी खोकं जवळ ओढलं, कागदाचा उरलेला तुकडा अंगठ्याने घासून काढला, बराच वेळ. घड्याळाकडे थोरल्यांनी दोनदा पाहिलं.

“अण्णा, सेलची वेळ होतेय. काय करायचं?” थोरले म्हणाले. “बघू म्हणता तर मी त्या मुलाला फोन लावतो.”

धाकटीने मान वर केली नाही. अण्णा ‘बघू’ म्हणणार हे तिला पाठ होतं.

“वेबसाइट हिच्याकडेच राहील,” अण्णा म्हणाले. “आणि सूनबाई, लिही. छापील किंमत चोवीसशे, आपली दोन हजार, चारशे रुपये कमी. लिंबाच्या यंत्राचे साठ टक्के यंत्राच्याच पानावर राहू देत, सेलच्या मथळ्यात नकोत. बटण दाब.”