झेनॉन उतरेपर्यंत

पहाटे प्रकल्पाच्या फाटकावर मोबाईल कपाटात ठेवायच्या आधी निशिगंधाला वहिनीचा फोन आला.

"ताई, आबा आज शुद्धीवर हायेत. उठल्या उठल्या विचारलं, निशी कधी येनार म्हून."

तेवढ्यावरच निशिगंधाचा ऊर भरून आला. खालापूरच्या अलीकडे, शिळफाट्यावरून आत वळल्यावर तिचं गाव. तिथे तिचे वडील नागूआबा गेलं वर्षभर धुक्यात असल्यासारखे जगत होते. आयुष्यभर भाताची शेती केलेला माणूस, आता सुनेलाही 'कोन गं तू' म्हणायचा. पण एखाद्या सकाळी, जाग आल्यावर थोडा वेळ, धुकं विरळ व्हायचं. घरची माणसं ओळखू यायची. नंतर पुन्हा सगळं झाकलं जायचं. निशीला सुट्टी मिळायची आणि ती सकाळ यायची, या दोन्हींची गाठ अजून एकदाही पडली नव्हती. उद्या तिची सुट्टी होती.

"त्यांना सांग, उद्या येते," ती म्हणाली आणि कपाट बंद केलं.

समुद्राकाठच्या त्या अणुभट्टीत ती शिफ्ट इनचार्ज होती. गावात तिला 'भट्टीवाली' म्हणत. निम्म्या लोकांना वाटे की ती विटा भाजते, आणि तिने तो गैरसमज कधी दूर केला नाही. विटांवर प्रश्न कमी येतात.

भट्टी आदल्या रात्रीपासून निम्म्याहून थोड्या अधिक शक्तीवर चालत होती. एका पंपाची थरथर वाढली होती, म्हणून रात्रपाळीने शक्ती उतरवली होती. तशी ती उतरवली की एक न दिसणारी गोष्ट सुरू होते. युरेनियम फुटताना आयोडिन तयार होतं, आणि त्याचं काही तासांत झेनॉन होतं. हे झेनॉन म्हणजे, ज्यांच्यावर भट्टीची साखळी पेटती राहते त्या न्यूट्रॉनांचा बकासुर. भट्टी जोरात चालते तेव्हा न्यूट्रॉनांचा माराच त्याला संपवत राहतो, जमा-खर्च बरोबर बसतो. पण शक्ती उतरली की मारा कमी होतो, आणि आधीचं आयोडिन मात्र आपल्या गतीने झेनॉन होत राहतं. म्हणजे आग कमी केल्यावर विष वाढतं. त्याची भरपाई म्हणून भट्टीला आवर घालणारे, न्यूट्रॉन शोषणारे काही रॉड रात्रभरात बाहेर ओढावे लागले होते.

चहा यायच्या सुमारास भट्टी ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. पाण्याची पातळी सांगणारी तीन मापकं. त्यातलं एक तपासणीसाठी बाजूला काढलेलं, म्हणजे त्याचं मत आधीच 'बंद करा' असं धरलेलं. दुसऱ्याने अचानक पातळी घसरल्याचं सांगितलं. दोन मतं झाली आणि बंद करणारे रॉड खाली कोसळले. तिसरं मापक शांतपणे सांगत होतं की काहीच झालेलं नाही. पडद्यावरची शक्तीची रेघ खाली जाऊन पडली आणि कंट्रोल रूममध्ये देऊळ बंद झाल्यावर असते तशी शांतता आली.

फोन वाजला. मुख्य साहेब होते.

"मापकाचीच खोड असणार, निशिगंधा. अर्धा तास आहे आपल्याकडे. चालू करून टाक. नाहीतर झेनॉन चढलं की उद्या रात्रीपर्यंत हात चोळत बसू."

"अर्धा तास पूर्ण शक्तीवरून पडली तर, साहेब. आपण रात्रीपासून खाली आहोत. निम्मे रॉड आधीच बाहेर ओढून खर्ची पडलेत. आपल्याकडे वेळ कमी आहे."

"मग बोलतेस काय? लाग कामाला. आणि ऐक, भट्टी वर आली तर उद्याची सुट्टी विसर, माणसं नाहीत. झेनॉनने अडून पॉयझन आउट झाली तर जा, पण उद्या संध्याकाळी चालू करायला हजर राहा."

फोन ठेवला आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. कारण तिला हवं होतं की झेनॉन चढावं. अगदी लहान मुलीसारखं हवं होतं. नियम सांगतो, ट्रिपचं कारण कळल्याशिवाय पुन्हा चालू करायचं नाही. पण हा नियम बोलतोय, की आबांच्या उशाशी बसायची ओढ? हे तिचं तिलाच कळेना.

तिने सहायक विपुलला बोलावलं. उद्याच्या सुट्टीचं त्याला काही माहीत नव्हतं आणि तिने कळूही दिलं नाही.

"विपुल, मापक खोटं बोलतंय हे तू छातीठोकपणे सांगशील?"

त्याने मापकाचा आलेख दोनदा पाहिला. "वाटतं खोटं. पण वाटतं एवढंच, मॅडम."

"मग थांबायचं."

सगळे समोरच्या पडद्याकडे बघत बसले. कुणी काही करत नव्हतं, आणि आतमध्ये झेनॉन चढत होतं. थोड्या वेळाने हिशोबाची रेघ ओलांडली गेली. आता सगळे रॉड बाहेर काढले असते तरी साखळी पेटली नसती. झेनॉन आणखी दहा-अकरा तास वाढणार, मग आपलं आपणच विरत जाणार. त्याच्यापुढे कुणाची घाई चालत नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली. भातं केव्हाच झोडून झाली होती, शेतात वाल हिरवागार होता, आणि वरच्या रस्त्यावरून गाड्यांचे दिवे सावकाश वाहत होते. आबा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. हात काही विसरले नव्हते.

"या बाई," ते अदबीने म्हणाले. "कोनाकडं आलात?"

"तुमच्याकडंच, आबा."

"बसा. घरातली मानसं येतील आता."

ती शेजारी बसून शेंगा सोलू लागली. तिच्या मनात तिकडची अंधारी भट्टी आणि इकडचे आबा एकमेकांत मिसळून गेले. आत्ता तिकडे झेनॉन शिखराला पोचत असेल. मग उतरेल, ते नक्की उतरतं. आबांचं मात्र असं नक्की काही नव्हतं, आणि ते तिला आतून कापत होतं.

तेवढ्यात विपुलचा फोन आला. तारेचा एक सांधा सैल होता, बस. पातळी कधी घसरलीच नव्हती.

"म्हणजे चालू करता आली असती," ती म्हणाली.

"हो मॅडम. पण तेव्हा आपल्याला कुठे माहीत होतं?"

बरोबर होतं त्याचं. तरी तिला झोप लागली नाही.

उजाडताना ती आबांच्या खाटेशी बसली होती. बाहेर शेतावर दंव होतं, कोंबडा उगाच पुन्हा पुन्हा आरवत होता. आबांनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मग तिच्याकडे, बराच वेळ.

"निशे," ते म्हणाले. "कवा आलीस गं?"

तिला हुंदका आवरला नाही. "काल आले, आबा."

"मंग उठवायचं नाय का मला?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "भट्टी कोनावर टाकून आलीस?"

"बंद हाय, आबा. आत विष चढलंय. ते उतरल्याबिगर पेटत नाय."

"औशद नाय त्याला?"

"नाय. नुसतं थांबायचं."

आबांनी मान हलवली. पटलं होतं त्यांना. "उतरंल ना पन?"

"उतरंल. आज रात्री पेटवायची हाय."

"मंग तवर बस हितं."

ती बसली. त्यांनी तिच्या आईची आठवण काढली, म्हातारा बैल शेवटी कसा गोठ्यातून हलेना ते सांगितलं, मधेच हसले. मग बोलता बोलता शब्द सुटे होऊ लागले. डोक्यावरचा हात तसाच होता, पण डोळे कुठेतरी लांब निघाले होते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "रडता कशापायी? कोनाची वाट बघताय?"

"माझ्या आबांची."

"येतील हां," नागूआबा म्हणाले, आणि अनोळखी बाईला धीर देताना देतात तसा धीर देत तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. "बसा. मीबी थांबतो तुमच्यासंगं."